नोटीस पिरियडचे साठ दिवस: पगाराचं काम दुसऱ्याच्या हाती देताना

राजीनामा दिला त्या संध्याकाळी मी कॅलेंडर उघडून बसले. साठ दिवसांची नोटीस होती, म्हणजे भरपूर वेळ आहे अशी माझी समजूत. साठातले शनिवार-रविवार काढले तेव्हा ४२ दिवस राहिले. शिल्लक रजेचे ३, सुट्ट्यांचे २ आणि शेवटच्या दिवसाची कागदपत्रं, लॅपटॉप परत करणं यांचा १ वजा केला की ३६. रोजचं काम काही थांबत नाही, त्यात अर्धा दिवस जातोच. मग हँडओव्हरला खरे किती उरले? १८.

हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. अठरा दिवसांत सगळं लिहून होत नाही आणि सगळं शिकवूनही होत नाही. काय सोडायचं हे ठरवावंच लागतं, आणि ते सुरुवातीला ठरवलं नाही तर शेवटच्या आठवड्यात ते आपोआप ठरतं, तेही चुकीचं.

माझं काम होतं सुमारे १४० जणांचा पगार आणि पुरवठादारांची बिलं. तुमचं काम वेगळं असेल, पण महिन्याच्या चक्रावर चालणारं कुठलंही काम सोपवायची रीत थोड्याफार फरकाने हीच असते. म्हणून या लेखात पगाराचंच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे.

आधी चक्रं मोजा, मग दिवस

आमच्याकडे पगाराचं काम दर महिन्याच्या २४ ते २८ तारखेला चालायचं. मी ४ तारखेला राजीनामा दिला. म्हणजे नोटीसच्या २१व्या दिवशी पहिला पगार सुरू होणार, ५१व्या दिवशी दुसरा, आणि ६०व्या दिवशी मी बाहेर. दोन चक्रं, बस्स. तिसरा पगार माझ्याशिवाय होणार.

एवढं कागदावर आलं की बेत उलटीकडून आखता येतो. तिसरा पगार नव्या माणसाने एकट्याने करायचा असेल, तर दुसरा त्याच्याच हातून व्हायला हवा आणि मी फक्त शेजारी बसायला हवं. दुसरा त्याच्या हातून व्हायचा, तर पहिला त्याने जवळून पाहिलेला हवा. पहिला पाहायचा, तर २१व्या दिवसाआधी माणूस ठरलेला हवा आणि त्याला पगाराचे आकडे पाहायची परवानगीही मिळालेली हवी. या साखळीची पहिली कडीच बहुतेकदा निसटते. 'माणूस शोधतोय' म्हणता म्हणता पहिलं चक्र निघून जातं, मग दुसऱ्या चक्रात तो नुसता पाहतो, आणि तिसऱ्यात तो आणि त्याचं नशीब.

म्हणून मॅनेजरकडे जाताना 'लवकर कोणीतरी द्या' असं मोघम म्हणू नका. तारीख सांगा. मी म्हटलं होतं, "१५ तारखेपर्यंत नाव ठरलं नाही, तर या महिन्याचा पगार दाखवायची संधी जाईल आणि पुढच्या महिन्यात त्याला एकदाही स्वतः करून बघता येणार नाही." तारखेसोबत तिचा परिणामही समोर ठेवला की निर्णय होतात. १२व्या दिवशी, म्हणजे १५ तारखेलाच, नाव ठरलं. आमच्याच विभागातला एक तरुण सहकारी, रोज अर्धा दिवस मोकळा करून दिलेला.

तुमचा शेवटचा दिवस चक्राच्या मधोमध पडत असेल तर तो चार-पाच दिवस पुढेमागे करता येतो का, हेही याच बैठकीत विचारा. पगाराच्या आदल्या दिवशी जाणं दोघांनाही जड जातं. नोटीस तीसच दिवसांची असेल तर चक्र एकच मिळतं. अशा वेळी ते नुसतं दाखवण्यात घालवू नका. त्याआधी जुन्या महिन्यांवर सराव करून घ्या आणि ते एकुलतं एक चक्र थेट त्याच्या हातून होऊ द्या. सराव कसा घ्यायचा ते पुढे येईल.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. एक, कोणत्या तारखेनंतर तुम्ही नवीन काम अंगावर घेणार नाही. माझी तारीख होती ३०वा दिवस. ही ठरली नाही तर लोक 'जायच्या आधी एवढं करून जा' म्हणत रांग लावतात, आणि त्या रांगेत सगळ्यात सज्जन माणूसच सगळ्यात जास्त वेळ खातो. दुसरी, बाहेरच्यांना कधी आणि कोणी सांगायचं. पुरवठादारांना, बँकेला, ऑडिटरला ही बातमी कंपनीकडून जाऊ द्या. आपण आधी सांगितली की प्रश्न आपल्याकडे येतात, आणि उत्तरं द्यायचा अधिकार तर आता आपला राहिलेला नसतो.

कामांची यादी आठवून करू नका

मी आधी आठवून यादी केली. १९ कामं भरली, आणि मला ती पूर्ण वाटली. मग मागच्या बारा महिन्यांचे पाठवलेले मेल काढून बसले. दोन दुपारी गेल्या, पण यादी ३४ वर गेली.

राहिलेली पंधरा कामं कुठली होती? बहुतेक वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारी. वर्षअखेरीला प्रत्येकाला द्यायचं कराचं विवरण. ऑडिटरला द्यायचा एक विशिष्ट तक्ता. एका पुरवठादाराशी दर सहा महिन्यांनी जुळवायचा शिल्लक हिशेब. अशी कामं डोक्यात नसतात, ती मेलबॉक्समध्ये असतात. म्हणून आवक मेल चाळण्यापेक्षा पाठवलेले मेल चाळावेत: आपण प्रत्यक्षात काय केलं ते तिथे दिसतं. त्यानंतर कॅलेंडरमधल्या परत परत येणाऱ्या नोंदी पाहाव्यात. मग लॅपटॉपवरच्या फाइली बदलल्याच्या तारखेने लावाव्यात, म्हणजे कुठली फाइल दर महिन्याला उघडली जाते ते कळतं. आणि शेवटी पाच दिवस टेबलावर एक वही ठेवावी. कोणी येऊन काही विचारलं की एक ओळ लिहायची. 'अमुकची रजा कशात धरायची', 'तमुकचं बिल अडकलंय का' असले तोंडी प्रश्न कुठल्याही मेलमध्ये सापडत नाहीत, आणि नव्या माणसाची सर्वांत जास्त तारांबळ उडते ती तिथेच.

यादी झाली की प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: संपवणार, सोपवणार, बंद. माझी ७ कामं संपवण्यासारखी होती, २२ सोपवायची आणि ५ बंद करायची. 'बंद' हा रकाना लिहायला लोक कचरतात. पण एक साप्ताहिक अहवाल मी तीन वर्षं पाठवत होते. तो कोण वाचतं हे विचारल्यावर कळलं की ज्यांनी मागवला होता ते कधीच दुसऱ्या विभागात गेले होते. तो नव्या माणसाच्या गळ्यात बांधण्यात काय अर्थ होता? मात्र बंद करायचा निर्णय मॅनेजरकडून मेलवर घ्या. आपण जाता जाता परस्पर बंद केलेलं काम म्हणजे मागाहून आपल्या नावाने फाडलेलं बिल.

'संपवणार' रकान्याबद्दल एक सावधगिरी. नोटीस दिल्यावर अर्धवट कामं पुरी करायची ऊर्मी येते, आणि ती चांगलीच वाटते. पण संपवायला सहा दिवस लागणारं काम अर्ध्या दिवसात नीट सोपवता येत असेल, तर सोपवा. आपल्याकडे अठराच दिवस आहेत.

कागद लिहायचा तो चुकणाऱ्या माणसासाठी

बावीस कामांची बावीस मोठी टिपणं लिहायला बसले असते तर शिकवायला वेळच राहिला नसता. म्हणून मी पाच कामांची सविस्तर पानं केली आणि बाकी सतरा कामांना प्रत्येकी पाच-सहा ओळी दिल्या. निवडीची कसोटी एकच होती: हे चुकलं तर कोणाचं नुकसान होतं आणि ते किती लवकर लक्षात येतं? पगार चुकला तर दुसऱ्या दिवशी कळतं, पण तोवर पैसे गेलेले असतात. कराचं विवरण चुकलं तर वर्षाने कळतं. अशा कामांना पूर्ण पान.

पानावर काय असावं? 'आधी हे बटण दाबा, मग ते' एवढंच लिहिलं तर पुढच्या आवृत्तीत बटणाची जागा बदलली की पान निकामी. मी प्रत्येक पायरीपुढे 'बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं' असा रकाना ठेवला. माझ्या पगाराच्या पानातला एक तुकडा असा होता:

*पायरी ४. हजेरीची फाइल पगाराच्या तक्त्यात घेणे.*
*कधी: २४ तारखेला दुपारी, विभागप्रमुखांच्या मंजुऱ्या आल्यावरच.*
*बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं: तक्त्यातली माणसांची संख्या = मागच्या महिन्याची संख्या + नवे रुजू − सोडून गेलेले. जुळली नाही तर पुढे जाऊ नये.*
*नेहमीची चूक: महिन्याच्या मध्यात विभाग बदललेला माणूस दोनदा येतो.*
*असं का करतो: मंजुरीआधी फाइल घेतली तर मागाहून आलेल्या रजा निसटतात आणि पुढच्या महिन्यात वसुली करावी लागते. लोकांना वसुली आवडत नाही.*

यातली शेवटची ओळ, 'असं का करतो', सर्वांत मोलाची. नवा माणूस हुशार असतो. त्याला एखादी पायरी निरर्थक वाटली की तो ती काढून टाकतो, आणि ते त्याने करावंही. पण कारण लिहिलेलं असेल तर काय काढायचं आणि काय नाही हे त्याला ठरवता येतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, काही पायऱ्यांपुढे मी 'कारण माहीत नाही, माझ्या आधीपासून असंच चालत आलंय' असंही लिहिलं. त्यातल्या दोन त्याने पुढे मॅनेजरला विचारून बंद केल्या.

पानांखेरीज एक अपवादांची यादी ठेवली. नियम तर धोरणाच्या कागदात असतात, अपवाद मात्र सांभाळणाऱ्याच्या डोक्यात. कोणाच्या पगारातून जुन्या आगाऊ रकमेचे हप्ते कापले जातात आणि किती उरले, कोणत्या पुरवठादाराचं बिल दोन सह्यांशिवाय सोडायचं नाही, कोणाच्या खात्याचा क्रमांक बदललाय पण जुन्या मेलमध्ये अजून जुनाच दिसतो. माझी यादी दीड पानाची झाली. तिच्यात प्रत्येक नोंदीपुढे कोणी मंजूर केलं आणि कधी, हे लिहिलं. मंजुरीचा मेल सापडला नाही अशा तीन नोंदी निघाल्या, त्या तेव्हाच मॅनेजरकडून लेखी करून घेतल्या. मी गेल्यावर त्या त्याला कोणी लेखी दिल्या नसत्या.

पासवर्ड मात्र यातल्या कुठल्याही पानावर लिहायचे नाहीत. ते कंपनीच्या पासवर्ड-तिजोरीत किंवा आयटी विभागामार्फत जातील. आणि शक्य तिथे पासवर्ड देण्याऐवजी त्याच्या नावाचं वेगळं लॉगिनच करून घ्यावं.

शिकवणं: बघ, माझ्यासमोर कर, एकट्याने कर

पगाराचे आकडे पाहायची त्याची परवानगी यायला पाच दिवस गेले. १७व्या दिवशी ती आली आणि २१व्या दिवशी पहिला पगार. त्या चक्रात मी काम केलं आणि तो पाहत राहिला. पण नुसतं पाहणारा माणूस तिसऱ्या तासाला फोन पाहायला लागतो. म्हणून त्याला एक काम दिलं होतं: माझं पान समोर ठेवायचं आणि मी पानावर नसलेलं काही केलं की तिथे खूण करायची. चार दिवसांत २३ खुणा झाल्या. मला वाटत होतं की पान पूर्ण आहे.

दोन चक्रांच्या मधले जवळपास चार आठवडे ही खरी शिकवण्याची जागा. इथे आम्ही जुन्या महिन्यांवर सराव केला. पद्धत सोपी आहे. मागच्या एखाद्या महिन्याची मूळ माहिती घ्यायची, ती चालू तक्त्यात नव्हे तर वेगळ्या प्रतीवर घालायची, आणि त्याने फक्त पान वाचून पगार काढायचा. मी खोलीत नाही. शेवटी त्याचे आकडे आणि त्या महिन्यात प्रत्यक्ष दिलेले आकडे एकमेकांतून वजा करायचे. प्रत्येक माणसासमोर शून्य आलं पाहिजे. शून्य नाही, तिथे एक तर त्याची चूक आहे किंवा पानाची. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा ती पानाची असते.

सरावासाठी महिने मुद्दाम निवडावेत. मी तीन घेतले: एक अगदी साधा, एक ज्यात कोणी मध्येच रुजू झालं आणि कोणी सोडून गेलं, आणि एक ज्यात थकबाकी दिली होती. साध्या महिन्यात सगळी शून्यं आली आणि आम्ही दोघेही खूश. दुसऱ्या महिन्यात एका नावापुढे फरक आला.

तो माणूस १७ तारखेला रुजू झालेला. महिना ३० दिवसांचा, १ तारीख सोमवारी. त्याचा मासिक पगार सोयीसाठी ६०,००० धरू. माझ्या सहकाऱ्याने कामाचे दिवस मोजले: १७ ते ३० मध्ये कामाचे १० दिवस, पूर्ण महिन्यात २२. ६०,००० ला २२ ने भागून १० ने गुणलं की २७,२७३ येतात. आम्ही प्रत्यक्षात दिले होते २८,०००, कारण आमची रीत होती कॅलेंडरचे दिवस धरायची: ३० पैकी १४. दोन्ही पद्धती अनेक ठिकाणी चालतात, आणि त्याच्या आधीच्या नोकरीत पहिली होती. माझ्या पानावर फक्त 'दिवसांच्या प्रमाणात पगार काढा' असं लिहिलं होतं. मला ते इतकं उघड होतं की लिहावंसंच वाटलं नाही. चूक माझ्या पानाची होती, आणि ती सापडली जुन्या महिन्याच्या प्रतीवर, म्हणजे कोणाचेही पैसे न जाता.

तिसऱ्या महिन्यात आणखी दोन फरक निघाले, तेही याच जातीचे. तिन्ही सराव मिळून त्याचे साडेचार दिवस गेले आणि माझा जेमतेम दीड. अठरा दिवसांपैकी सर्वांत चांगला लागलेला वेळ हाच.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सराव चालू असताना जवळ बसायचं नाही. जवळ बसलो की तो विचारतो, आपण सांगतो, काम पुढे जातं आणि पान तसंच अपुरं राहतं. मी त्याला म्हटलं होतं, "अडलास की आधी दहा मिनिटं पानात शोध. नाही सापडलं तर प्रश्न लिहून ठेव, आपण चार वाजता बोलू." चार वाजता त्याच्या प्रश्नांची उत्तरं मी तोंडी दिली, पण पानात ती त्यानेच लिहिली, त्याच्या शब्दांत. हळूहळू ते पान त्याचं झालं.

शेवटचं चक्र त्याच्या लॉगिनने, त्याच्या लॅपटॉपवर

दुसरा पगार त्याने केला, मी शेजारी. इथे एक गोष्ट आग्रहाने केली आणि ती केली नसती तर पुढच्या महिन्यात गोंधळ ठरलेला होता: माझं लॉगिन आणि माझा लॅपटॉप वापरायचा नाही.

बँकेला द्यायची फाइल सीएसव्ही प्रकारची असते. माझ्या लॅपटॉपवर मी ती नेहमी एक्सेलमध्ये आयात करून उघडायचे आणि खातेक्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' ठेवायचे. हे इतकं अंगवळणी पडलेलं की पानावर नव्हतंच. त्याने आपल्या लॅपटॉपवर फाइलवर सरळ डबल-क्लिक केलं, एक रक्कम दुरुस्त केली आणि सेव्ह केलं. एक्सेल अशा वेळी लांब क्रमांकाला आकडा समजतं: सुरुवातीची शून्यं उडतात, आणि १५ पेक्षा जास्त अंक असतील तर पुढच्या अंकांची शून्यं होतात. बँकेने ९ नोंदी परत केल्या. सगळ्यांचे खातेक्रमांक शून्याने सुरू होणारे. मी शेजारी असल्यामुळे वीस मिनिटांत फाइल पुन्हा गेली. त्या दिवशी मी माझ्याच लॅपटॉपवर त्याला बसवलं असतं, तर हे मी गेल्यावर घडलं असतं.

बँकेतले अधिकार बदलायला वेळ लागतो. ठराव, नमुना सह्या, ओळखपत्रं, मग बँकेची मंजुरी. हा अर्ज माणूस ठरला त्याच दिवशी करायला लावा, नाहीतर शेवटच्या चक्रातही तुमच्याच लॉगिनने पैसे जातील आणि मग तुमचा शेवटचा दिवस लांबवायची भाषा सुरू होईल. फाइल चढवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हा नियम घाईत मोडू देऊ नका. दोन्ही अधिकार तात्पुरते एकालाच देण्याची कल्पना नोटीसच्या काळात कोणीतरी मांडतंच.

तुमच्या नावावर चालणाऱ्या गोष्टी

हँडओव्हरच्या यादीत न येणारा एक प्रकार असतो: माणूस करत नाही, पण माणसाच्या खात्यावर आपोआप चालतं. खातं बंद झालं की तेही गुपचूप बंद पडतं, आणि ते कळायला कधी कधी पूर्ण महिना जातो.

परत परत येणाऱ्या मीटिंग हे सर्वांत साधं उदाहरण. आउटलुकमध्ये मीटिंगचा आयोजक आपला आपल्याला बदलता येत नाही. जुनी मालिका तुम्ही रद्द करायची आणि नव्याने आपल्या नावाने त्याने पाठवायची, ते दोन्ही तुम्ही असतानाच. गुगल शीटमध्ये कोणी ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट लावली असेल, तर ती ज्याने लावली त्याच्याच खात्यावर चालते. फाइल दुसऱ्याच्या नावावर केल्याने स्क्रिप्ट त्याच्या खात्यावर जात नाही, नव्या माणसाला ती स्वतःच्या खात्यातून पुन्हा लावावी लागते. माझी अशी एक होती: दर सोमवारी थकीत बिलांची आठवण पाठवणारी. मी ती विसरलेच होते. तिचा मेल आला तेव्हा आठवलं.

शोधायची एक युक्ती आहे. तुमच्या नावाने गेलेले पण तुम्ही हाताने न लिहिलेले मेल कुठले, ते पाहा. मग ज्या ज्या संकेतस्थळांचे पडताळणी कोड तुमच्या मोबाइलवर येतात त्यांची नोंद करा. एका पुरवठादाराच्या पोर्टलचा कोड माझ्या खासगी नंबरवर येत होता, सहा वर्षं. तो बदलायला त्यांच्याकडून आठ दिवस लागले.

वैयक्तिक ड्राइव्हमधल्या फाइली शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता विभागाच्या सामायिक जागेत हलवा. काढून टाकलेलं खातं परत आणायची मुदत फार थोडी असते: गुगल वर्कस्पेसमध्ये २० दिवस, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ३०. उलट बाजूने, स्वतःसाठी कामाच्या फाइली कॉपी करून नेऊ नका आणि मेलबॉक्स साफ करून जाऊ नका. खासगी फोटो, कागद असतील तर आयटीला सांगून उघडपणे काढा. शेवटच्या दिवसांत केलेली मोठी कॉपी किंवा मोठं डिलीट दोन्ही नोंदीत दिसतात, आणि तुमचा हेतू काय होता ते नोंदीत दिसत नाही.

माणूस मिळालाच नाही तर

असं बऱ्याचदा होतं. भरती लांबते. अशा वेळी एका तात्पुरत्या माणसाचं नाव मॅनेजरकडून मेलवर मागून घ्या, मग तो स्वतः मॅनेजर असला तरी चालेल. त्याला सगळं शिकवायचा प्रयत्न करू नका. पुढच्या दोन महिन्यांत जे अडलं तर चालणार नाही तेवढंच त्याच्या हातून करून घ्या. बाकीचं नव्या माणसासाठी स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा, एका पायरीचा एक व्हिडिओ, पाच ते आठ मिनिटांचा. दीड तासाचा अखंड व्हिडिओ कोणी पाहत नाही, आणि पगाराचा असेल तर त्यात खरी नावं आणि आकडे दिसत नाहीत ना हे तपासा. जुन्या महिन्यांच्या सरावाच्या प्रती मात्र तशाच तयार ठेवा, उत्तरांसकट. नवा माणूस तीन महिन्यांनी आला तरी तो सराव तुमच्याशिवाय करू शकतो.

शेवटचा आठवडा

दुसरा पगार संपला तो ५५वा दिवस. उरलेल्या दिवसांत शिकवायचं काही ठेवलं नव्हतं. एक अधांतरी कामांचा तक्ता केला: काय अडलंय, कोणाकडे अडलंय, पुढची तारीख, आणि आता कोणाचं. अकरा ओळी झाल्या. तो तक्ता मॅनेजर, माझा सहकारी आणि मी असं अर्धा तास बसून वाचला, आणि त्याचाच मेल पाठवला. मॅनेजरचं 'ठीक आहे' एवढं उत्तर आलं. हे उत्तर महत्त्वाचं. त्याच्याशिवाय हँडओव्हर झाला की नाही हे प्रत्येकाच्या आठवणीवर राहतं.

५८व्या दिवसापासून मला आलेला प्रत्येक मेल मी सहकाऱ्याकडे वळवला आणि उत्तर त्यालाच देऊ दिलं. हात शिवशिवतात, पण आवरायचे.

गेल्यानंतरच्या मदतीची सीमाही आधीच ठरवली: तिसरा पगार होईपर्यंत, संध्याकाळी सातनंतर, फोनवर फक्त तोंडी. कुठल्याही यंत्रणेत मी हात घालणार नाही, आणि पगाराची कुठलीही फाइल माझ्या खासगी मेलवर यायची नाही.

त्या महिन्यात त्याचा फोन एकदाच आला, २६ तारखेला. एका माणसाच्या आगाऊ रकमेचा शेवटचा हप्ता नेहमीपेक्षा कमी निघत होता, तो तसाच कापायचा का, असं विचारत होता. उत्तर अपवादांच्या यादीत होतं, पण मी ते माणसाच्या नावाऐवजी कर्जाच्या प्रकाराखाली लिहिलं होतं आणि तो नावाने शोधत होता. मी त्याला ओळ सांगितली. त्याने त्याच रात्री अख्खी यादी नावांच्या क्रमाने लावून घेतली.